‘बॅक’ खोडा, पण त्याला ‘व्याकरणाची चूक’ म्हणू नका



आपल्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये इंग्रजीचे दोन प्रकारचे जाणकार असतात. एक, ज्यांना इंग्रजी येतं. दुसरे, ज्यांना दुसऱ्याच्या इंग्रजीतल्या चुका येतात. या दुसऱ्या मंडळींचं सगळ्यात लाडकं सावज म्हणजे ‘रिव्हर्ट बॅक’ आणि ‘रिटर्न बॅक’. कुणी पोरानं अर्जात हे लिहिलं रे लिहिलं, की लाल पेन बाहेर निघतं, ‘बॅक’ला गोल पडतो आणि शेजारी शेरा येतो, ‘ग्रामर चुकलं’.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘बॅक’ खोडायला माझी काहीच हरकत नाही. बँकेत होतो तेव्हा मीही खोडत होतो, आजही खोडेन. पण शेजारचा शेरा खोटा आहे. ‘रिटर्न बॅक’ ही पुनरुक्ती आहे, व्याकरणाची चूक नव्हे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केली की नुकसान होतं. ते कसं, हे सांगायलाच आज एवढं लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

आधी प्रकरण सांगतो. माझ्या मावसभावाची नात. शाळा हिंदी माध्यमाची, घरात मराठी, बाजारात हिंदी, म्हणजे आपल्या बहुतेकांचं असतं तसंच. वडिलांचं छोटं दुकान. पोरगी हुशार, बी.कॉम. पहिल्या वर्गात. एका संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी तिनं अर्ज केला. संस्थेचं नाव घेत नाही, कारण मला कुणाची बदनामी करायची नाही, मुद्दा समजावायचा आहे. अर्जासोबत इंग्रजीत एक पत्र लिहायचं होतं आणि त्याला दहा गुण होते. नियमांचा कागद मी स्वतः वाचला. व्याकरणाच्या प्रत्येक चुकीला एक गुण कापायचा. शैलीबद्दल शेरा द्यायचा, पण गुण कापायचे नाहीत. नियम चांगला आहे, मला आवडला. शिकणाऱ्या मुलांकडून शैलीची अपेक्षा ठेवा, पण तिच्यासाठी शिक्षा करू नका, असा त्याचा अर्थ.

पोरीच्या पत्रातलं वाक्य असं होतं: ‘आय हॅव रिटर्न्ड बॅक द ओरिजिनल सर्टिफिकेट्स टू द ऑफिस अँड रिक्वेस्ट यू टू रिव्हर्ट बॅक मी ॲट द अर्लिएस्ट.’ तपासणाऱ्यांनी दोन्ही ‘बॅक’ना गोल केले, दोनदा ‘ग्रामर’ लिहिलं, दोन गुण कापले. बाकी पत्र स्वच्छ होतं. दहापैकी आठ मिळाले. यादीत नाव येण्यासाठी नऊ हवे होते.

आता बँकेत जसं खातं जुळवायला बसतो तसं हे वाक्य जुळवू या. म्हणजे तिची खरी बाकी किती होती ते कळेल.

पुनरुक्ती म्हणजे काय? एकदा सांगून झालेली गोष्ट दुसऱ्या शब्दानं पुन्हा सांगणं. ‘पिवळा पीतांबर’ हे आपल्या आजीपणजीपासून चालत आलेलं उदाहरण. पीत म्हणजे पिवळा, अंबर म्हणजे वस्त्र, मग पुन्हा ‘पिवळा’ कशाला? ‘गाईचं गोमूत्र’ हे त्याचंच भावंडं. आणि भूगोलाच्या पुस्तकातला ‘सह्याद्री पर्वत’? अद्रि म्हणजेच पर्वत. पण ‘पिवळा पीतांबर नेसला’ या वाक्याला कुणी व्याकरणदृष्ट्या चुकीचं म्हटलंय का? हसतात, टोकतात, पण व्याकरण चुकलं असं म्हणत नाहीत. विशेषण नामाच्या आधी आलं, लिंग जुळलं, वचन जुळलं. वाक्य धड आहे, फक्त एक शब्द फुकट गेला.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. ‘मुलगा माघारी परतला.’ परतला म्हणजेच माघारी आला. तरी हे वाक्य आपण सर्रास बोलतो आणि वाचतो. आता दुसरं वाक्य, ‘मुलगा घरी परतली.’ यात एकही शब्द जास्तीचा नाही, पण वाक्य मोडलंय, कारण कर्त्याचं लिंग एक आणि क्रियापदाचं दुसरं. पहिल्या वाक्यात पुनरुक्ती आहे आणि व्याकरण शाबूत आहे. दुसऱ्यात पुनरुक्ती नाही आणि व्याकरण मोडलंय. दोन्ही वाक्यांवर एकच शेरा मारणारा मास्तर तुम्ही चांगला म्हणाल का? आणि इंदुरात तर आपण ‘वापस परत ये’ असं म्हणतो. हिंदीचं एक, मराठीचं एक, दोन्ही खिशात असलेले बरे!

हा फरक काही साहेबांनी आपल्याला शिकवलेला नाही, बरं का. आपल्याकडे अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटानं ‘काव्यप्रकाश’ लिहिला. त्याच्या सातव्या उल्लासात दोषांची यादी आहे. त्यात व्याकरणाचा नियम मोडला तर त्या दोषाचं नाव ‘च्युतसंस्कृति’. एखादा शब्द गरजेपेक्षा जास्तीचा आला तर ‘अधिकपद’. एकच अर्थ पुन्हा सांगितला तर ‘पुनरुक्त’. तिघांची नावं वेगळी. एवढंच नाही, खातीही वेगळी. च्युतसंस्कृति हा शब्दाचा दोष, अधिकपद हा वाक्याचा, पुनरुक्त हा अर्थाचा. मी कॉमर्सचा माणूस, संस्कृत माझं नाही. सौभाग्यवतींनी संस्कृत घेऊन एम.ए. केलं, म्हणून हे घरात ऐकायला मिळालं. पण खाती वेगळी ठेवणं मला लगेच पटलं. खर्च भांडवली खात्याला टाका किंवा महसुली खात्याला, पैसे तेवढेच जातात, पण चुकीच्या खात्यात टाकले की ताळेबंद खोटा होतो.

आता इंग्रजीकडे येऊ.

विरोधकांचा पहिला आणि लाडका मुद्दा असतो ‘री’चा. शिष्यवृत्तीच्या समितीतल्या एका सद्गृहस्थांना मी फोन केला होता. ते म्हणाले, “अहो साहेब, री म्हणजेच बॅक. रिटर्नमध्ये बॅक आहेच. दोनदा बॅक आलं म्हणजे ग्रामर चुकलंच ना? शाळेतल्या पोरालाही कळतं.”

शब्दाच्या घडणीबद्दल त्यांचं अर्धं बरोबर आहे. ‘री’ हा लॅटिनमधून आलेला उपसर्ग, अर्थ मागे किंवा पुन्हा. ‘रिव्हर्ट’ म्हणजे मुळात मागे वळणं. पण त्यांचा निष्कर्ष तपासू. उपसर्गात ‘मागे’ आहे म्हणून ‘बॅक’ लावणं व्याकरणाला मान्य नाही, असा नियम असेल तर तो सगळ्या ‘री’ शब्दांना लागू व्हायला हवा. मग ‘रिपोर्ट’ घ्या. री म्हणजे मागे, पोर्ट म्हणजे वाहून नेणं, खबर मागे वाहून आणणं. तरी ‘रिपोर्ट बॅक टू द कमिटी’ हे चोख इंग्रजी आहे, शब्दकोशात आहे, कुणीही त्याला गोल करत नाही. ‘रेफर’चंही तेच, मागे नेणं. तरी ‘रेफर बॅक’ राजरोस चालतं. त्यांच्याच समितीच्या पत्रात एक वाक्य होतं की प्रकरण पोटसमितीकडे ‘रेफर्ड बॅक’ केलं आहे! मी ते त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, “ते वेगळं आहे.” का वेगळं, ते नाही सांगितलं. मी सांगतो.

ते वेगळं आहे कारण ‘रिपोर्ट’मधला ‘मागे’ हा अर्थ आज झिजून गेलाय. रिपोर्ट म्हणजे आता नुसता अहवाल देणं. ज्यानं पाठवलं त्यालाच परत येऊन सांगायचं असेल तर ‘बॅक’ जोडावं लागतं, तिथे त्याला काम आहे. ‘रिटर्न’मधला ‘मागे’ मात्र अजून जिवंत आहे, म्हणून तिथे ‘बॅक’ला काम उरत नाही. म्हणजे फरक अर्थाचा झाला. शब्दात किती अर्थ शिल्लक आहे, याचा हिशेब झाला. वाक्यरचना दोन्हीकडे तीच आहे, क्रियापद आणि त्यामागे ‘बॅक’. एक रचना व्याकरणात बसते तर दुसरीही बसते. ‘री’चा मुद्दा पुनरुक्ती सिद्ध करतो, व्याकरणाची चूक सिद्ध करत नाही.

दुसरा मुद्दा जरा हुशार मंडळी काढतात. “मग ‘मोअर बेटर’चं काय? तिथेही एकच गोष्ट दोनदा आहे, आणि ते तर ग्रामरचीच चूक मानतात.” प्रश्न चांगला आहे, म्हणून नीट उत्तर देतो. ‘मोअर बेटर’ आजच्या प्रमाण इंग्रजीत चूक आहे, कारण विशेषणाची तुलना दाखवायला व्याकरणानं एकच जागा ठेवली आहे. शब्दाचं रूप बदलून ती भरा, नाहीतर ‘मोअर’ लावून भरा. एका खुर्चीवर दोघांना बसवता येत नाही. ‘बॅक’ मात्र क्रियाविशेषण आहे, आणि क्रियापदामागे क्रियाविशेषणांची रांग लागली तरी व्याकरण काही म्हणत नाही. ‘ही वेंट बॅक अप अगेन’, एका ‘वेंट’मागे तीन शब्द आले आणि वाक्य उभं आहे. तिथे खुर्ची नसून बाकडं आहे. बाकड्यावर एखादा रिकामटेकडा येऊन बसला तर त्याला उठवा जरूर, पण बाकडं मोडलं असं ओरडू नका.

तिसरा मुद्दा, “हे आपलं देशी इंग्रजी, असली चूक साहेब करत नाही.” हेही खरं नाही. इंग्लंडात १६११ साली राजा जेम्सच्या आज्ञेनं बायबलचं जे भाषांतर छापलं गेलं, त्यात राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी अलीशा आपल्या बैलांकडे परत जातो. तिथे ‘रिटर्न्ड बॅक’ हीच जोडी आहे. ज्या ग्रंथावर इंग्रज पिढ्यान् पिढ्या आपली भाषा घडवत आला, त्यात ती बसली आहे. त्यामुळे ती आज सुंदर ठरते असं मी म्हणत नाही. पण जिला इंग्रजीचं व्याकरण कधी सोसलंच नाही, अशी ती नाही, एवढं नक्की.

आपण ती जास्त का वापरतो, याला मात्र देशी कारण आहे. मराठीत परत येणं, परत देणं, परत पाठवणं. हिंदीत वापस आना, वापस देना. आमच्या बडोद्याच्या व्याह्यांकडे गुजरातीत पाछुं आववुं, पाछुं आपवुं. आपल्या या भाषांत ‘मागे’साठी एक सुटा शब्द असतो आणि क्रियापद वेगळं. मनातल्या वाक्यात ‘परत’ उभा असतो, त्याला इंग्रजीत उतरवताना ‘बॅक’ हाताशी लागतो. त्यात ‘कम बॅक’, ‘गिव्ह बॅक’, ‘सेंड बॅक’ हे बरोबर असल्याचं पोरांनी शिकलेलं असतं. तिथे ‘बॅक’ हवंच, कारण नुसत्या ‘कम’मध्ये परतीची दिशा नाही. त्याच साच्यात ‘रिटर्न’ घातलं की ‘रिटर्न बॅक’ तयार. साचा बरोबर आहे, आत घातलेला माल आधीच भरलेला होता, इतकंच.

‘रिव्हर्ट’ची गोष्ट थोडी निराळी आहे. मूळ इंग्रजीत रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. भाडेपट्ट्याची मुदत संपली की जमीन मूळ मालकाकडे रिव्हर्ट होते. हा अर्थ आम्हा बँकवाल्यांना गहाणखताच्या कागदांत रोज दिसायचा. पत्रव्यवहारात ‘या विषयाकडे आम्ही पुन्हा वळू’ अशा अर्थानं तो वापरत. आपल्याकडे कचेऱ्यांमध्ये हळूहळू ‘विषयाकडे वळू’चं ‘तुमच्याकडे वळू’ झालं आणि पुढे नुसतं ‘उत्तर देऊ’ झालं. आज परदेशी शब्दकोशांतही हा अर्थ भारतीय इंग्रजीचा म्हणून नोंदलेला सापडतो. म्हणजे ‘काइंडली रिव्हर्ट’ लिहिणारी माणसं मागे वळायला सांगत नाहीत, उत्तर द्यायला सांगतात. आणि उत्तर देण्याच्या अर्थाचे ‘राइट बॅक’, ‘गेट बॅक’ हे प्रयोग ‘बॅक’ घेतातच. त्यांच्या संगतीनं ‘रिव्हर्ट’लाही ते चिकटलं. तरीही ते जास्तीचंच आहे. चांगल्या पत्रात ‘रिप्लाय’ लिहावं आणि मोकळं व्हावं.

आता प्रत्यक्ष तपासणी. कुणाचंही वाक्य समोर आलं तर तीन गोष्टी करा. यासाठी ना रेन अँड मार्टिन लागतं, ना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला.

पहिली, ‘बॅक’ खोडा आणि वाक्य पुन्हा वाचा. अर्थ तोच राहिला आणि वाक्य उभं राहिलं, तर ‘बॅक’ जास्तीचं होतं.

दुसरी, ‘बॅक’ राहू द्या आणि ‘रिटर्न’च्या जागी ज्यात ‘मागे’ नाही असं क्रियापद घाला. वाक्य नीट वाचता आलं, तर रचना बरोबर आहे, म्हणजे व्याकरण शाबूत.

तिसरी, ‘बॅक’ खोडूनही वाक्य लंगडत असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे. ते शोधा.

पोरीच्या वाक्याचा पहिला भाग घ्या, ‘आय हॅव रिटर्न्ड बॅक द ओरिजिनल सर्टिफिकेट्स टू द ऑफिस’. ‘बॅक’ खोडलं, अर्थ बदलला नाही. म्हणजे जास्तीचं. आता ‘रिटर्न्ड’च्या जागी ‘सेंट’ घाला. ‘आय हॅव सेंट बॅक द ओरिजिनल सर्टिफिकेट्स टू द ऑफिस’. स्वच्छ वाक्य. म्हणजे रचनेत दोष नाही. इथे शेरा ‘अनावश्यक शब्द’, गुण कापायचे शून्य.

याच भागात खरी चूक कशी झाली असती, तेही सांगतो. समजा तिनं सर्टिफिकेट्सऐवजी ‘इट’ लिहिलं असतं. ‘आय हॅव रिटर्न्ड इट बॅक’ म्हटलं तर पुनरुक्ती, पण व्याकरण ठीक. ‘आय हॅव रिटर्न्ड बॅक इट’ म्हटलं तर व्याकरण मोडलं. कारण ‘इट’, ‘देम’ असली छोटी सर्वनामं क्रियापद आणि ‘बॅक’ यांच्या मध्येच यावी लागतात. ‘गिव्ह इट बॅक’ चालतं, ‘गिव्ह बॅक इट’ चालत नाही. बघा, जास्तीचा शब्द दोन्ही वाक्यांत तोच आहे, पण एकात व्याकरण बरोबर आहे आणि एकात चूक. मग व्याकरणाची चूक ‘बॅक’च्या असण्यात कशी असेल? ती त्याच्या जागेत आहे.

आता दुसरा भाग, ‘रिक्वेस्ट यू टू रिव्हर्ट बॅक मी’. ‘बॅक’ खोडा. ‘रिव्हर्ट मी’ उरलं. लंगडतंय! म्हणजे दुखणं ‘बॅक’मध्ये नव्हतंच. ‘टू मी’ हवं होतं, ‘टू’ गळलंय. ही व्याकरणाची खरी चूक, आणि गंमत अशी की तपासणाऱ्यांच्या लाल पेनाला ती दिसलीच नाही. त्यांनी शेजारच्या निरपराध ‘बॅक’ला गोल केला आणि खरा चोर बाजूनं निघून गेला.

ही चूक आपल्या मुलांकडून इतकी का होते, ते समजून घ्या, कारण इथे शिकवण्यासारखं काही आहे. मराठीत ‘मला सांगा’, ‘मला कळवा’, ‘मला उत्तर द्या’, तिन्हीकडे ‘मला’. इंग्रजीत मात्र ‘टेल मी’, ‘इन्फॉर्म मी’, पण ‘रिप्लाय टू मी’. पहिल्या दोघांना ‘टू’ लागत नाही, तिसऱ्याला लागतं, आणि रिव्हर्ट त्या तिसऱ्याच्या पंक्तीला बसतं. आपल्या ‘मला’मध्ये तो ‘ला’ आधीच असल्यामुळे कानाला काही कमी वाटत नाही. पोरीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, हे मला कुणी सांगितलंच नाही. सगळे बॅक, बॅक करत होते.” बघा, चुकीच्या जागी गोल केल्याचा परिणाम. पुढच्या पत्रात ती ‘बॅक’ काढून ‘रिव्हर्ट मी’ लिहिणार होती आणि आता शुद्ध झालं म्हणून निश्चिंत होणार होती.

हिशेब पूर्ण करू. दोन ‘बॅक’, गुण कापायचे शून्य. गळलेला एक ‘टू’, एक गुण. दहातून एक गेला, उरले नऊ. तिला आठ दिले. मी समितीला तीन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं की निर्णय अंतिम आहे. असो. शिष्यवृत्ती गेली ती गेली. पण जमाखर्चात एका गुणाची खोट राहिलीच, आणि ती खोट पोरीची नव्हती.

काही जण म्हणतील, “अहो, पण बँकेच्या भरतीच्या परीक्षेत ‘ही रिटर्न्ड बॅक’ आलं की तो भाग चुकीचा म्हणूनच टिकमार्क करावा लागतो.” खरं आहे. तिथे वाक्याचे तुकडे पाडून दिलेले असतात आणि चूक कुठल्या तुकड्यात आहे ते विचारतात. उत्तरपत्रिकेत ‘चूक’ नावाचा एकच रकाना असतो, त्यात व्याकरणाचे, वापराचे, जास्तीच्या शब्दांचे, सगळे दोष एकत्र कोंबलेले असतात. मुलांनो, तिथे बिनदिक्कत तोच तुकडा निवडा आणि पुढे जा, परीक्षेत वाद घालू नका. पण परीक्षेला एकच रकाना होता म्हणून जगातही दोष एकाच जातीचे असतात, असं डोक्यात घेऊन बाहेर पडू नका.

आणि दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत. त्यांचं म्हणणं, “कळलं ना? मग झालं! बॅक असो वा नसो.” त्यांच्याशीही माझं पटत नाही. ‘बॅक’ मी का खोडतो, त्याचं कारण बँकेच्याच व्यवहारातून सांगतो. चेकवर आपण रक्कम दोनदा लिहितो, अंकात आणि अक्षरात. तीही पुनरुक्तीच. पण ती कामाची आहे. कारण दोन्ही एकमेकांशी विसंगत निघू शकतात, आणि निघाल्या तर गफलत उघडी पडते. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १८ तर सांगतंच की फरक असेल तर अक्षरी रक्कम खरी धरावी. म्हणजे दुसऱ्यांदा लिहिण्याला तिथे पहारेकऱ्याचं काम आहे. ‘रिटर्न’ आणि ‘बॅक’ मात्र एकमेकांशी कधी विसंगत होऊच शकत नाहीत. एक परत म्हणतो, दुसराही परतच म्हणतो. असा पहारेकरी पगार घेतो आणि पहारा देत नाही.

आमच्या वेळी तर हा पगार रोख मोजावा लागे. १९७३ मध्ये मी नोकरीला लागलो तेव्हा निकडीचा निरोप तारेनं जायचा आणि तारेचे पैसे शब्दांवर लागायचे. आमचे एक मद्रासी साहेब होते, मसुद्यातलं ‘बॅक’ त्यांच्या पेन्सिलीतून कधी सुटलं नाही. पण ते समासात ‘राँग’ लिहीत नसत, ‘सरप्लस’ लिहीत. आणि ‘टू’ राहिला तर मात्र ‘राँग’ लिहून खाली रेघ मारत. दोन शब्दांमध्ये किती शिकवून जात ते! सरप्लस वाचून माणूस हात आखडायला शिकायचा, राँग वाचून नियम शोधायला जायचा.

हेच मला आज लाल पेनवाल्या मंडळींना सांगायचंय. आपली मुलं एका दिवसात तीन-चार भाषा बोलतात. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, बेळगावात असतील तर कन्नड, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू, आणि अर्जात इंग्रजी. त्यांना चूक दाखवायलाच हवी. नाही दाखवली तर आपण त्यांचे कसले वडीलधारे? पण ज्याला व्याकरणाचा नियम मोडला असं तुम्ही म्हणता, तो नियम एका वाक्यात सांगता आला पाहिजे. ‘टू’ का हवा, हे सांगता येतं. ‘इट’ मध्येच का हवं, हेही सांगता येतं. ‘रिटर्न बॅक’नं कुठला नियम मोडला, ते सांगा बरं! सांगता येणार नाही, कारण तसा नियम नाही. सांगता येईल ते इतकंच, की बाळा, हा शब्द इथे काही काम करत नाही, काढून टाक.

तेवढं म्हणा. पुरे आहे. आणि कुणाचे गुण हातात असतील, तर समासात ‘अनावश्यक’ लिहा, एक गुणही कापू नका, आणि वाक्य एकदा ‘बॅक’शिवाय वाचून पाहा. खरी चूक असलीच तर ती तेव्हा दिसेल.